चुकण्याचा हक्क



सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत समुपदेशनाचं काम करताना जे ऐकलं, त्यातून आजचा विषय उभा राहिला आहे. आज मी मारहाणीबद्दल बोलणार नाही. हातावरचा वळ शेजारणीलाही दिसतो. ज्या बाईच्या अंगावर एकही वळ नाही, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. तिचा नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरी आणतो. सगळं गाव म्हणतं, "माणूस सोन्यासारखा आहे." आणि ही बाई भाजीवाल्यापुढे उभी राहून मेथी घ्यावी की पालक, हे ठरवू शकत नाही. हिला झालंय तरी काय?

क्रमाने तीन गोष्टी सांगते. पहिली, बाईचा स्वतःवरचा विश्वास कसा मोडतो. दुसरी, तो मोडू नये म्हणून आपल्याच मातीतल्या बायकांनी काय केलं. तिसरी, मोडलेला विश्वास परत कसा उभा राहतो. तिसरीला सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले दिले जातात.

पहिली गोष्ट

टीका कोणत्या संसारात होत नाही? "आज आमटी खारट झालीय" ही टीकाच आहे. "ही साडी तुला तितकी शोभत नाही" हीसुद्धा टीकाच. एवढ्याने कुणी मोडत नाही. मग फरक कुठे पडतो? फरक ओळखायला मी तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न: नियम एका जागी राहतो का? नटून बाहेर पडली तर "कुणाला दाखवायला चाललीस?" साधी निघाली तर "गबाळी! माझी अब्रू घालवतेस." विचारून खर्च केला तर "एवढंसुद्धा कळत नाही का?" न विचारता केला तर "मला विचारायची गरज वाटली नाही?" दोन्हीकडून ती चुकीचीच ठरते. ज्या परीक्षेत कोणतंही उत्तर बरोबर नसतं, त्या परीक्षेत मुलगी नापास झाली म्हणून तिला ढ कसं म्हणायचं?

दुसरा प्रश्न: "नाही" म्हटल्यावर काय होतं? साध्या घरात भांडण होतं आणि संध्याकाळी चहा होतो. नियंत्रणाच्या घरात शिक्षा होते. चार दिवस अबोला, खर्चाचे पैसे बंद, माहेरचा फोन बंद, पोरांसमोर पाणउतारा. शिक्षा दरवेळी द्यावी लागत नाही. एकदा दिली की पुढचे सहा महिने तिची नुसती आठवण पुरते.

तिसरा प्रश्न: टीका झाल्यावर ती साडी बदलते, की साडी निवडणंच सोडून देते? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "तू काळी आहेस, जाड झालीस, तुला काय कळतंय" हे शब्द रूपावर आणि बुद्धीवर आहेत असं वाटतं. पण त्यांचा खरा परिणाम तिच्या निवाड्यावर होतो. आपल्या डोळ्यांना जे दिसतं ते खरं आहे, आपल्याला जे वाटतं त्याला अर्थ आहे, हा भरवसा झिजत जातो. आणि मध्ये एखादा चांगला दिवस येतो. तो महाबळेश्वरला नेतो, मक्याचं कणीस हातात देतो. ती म्हणते, बघा, माणूस वाईट नाही, मीच कुठेतरी कमी पडते. त्या एका दिवसाच्या आशेवर पुढची दोन वर्षं निघतात. सतत वाईट वागणाऱ्याला सोडणं त्या मानाने सोपं असतं. अधूनमधून चांगलं वागणारा माणूस सुटता सुटत नाही.

मग एक दिवस तो नसतो. वेगळं राहणं झालेलं असतं, किंवा त्याची बदली लांब झालेली असते. तरी ती स्वयंपाकघरात मीठ घालताना दचकते. आता आवाज त्याचा राहिलेला नाही, तो तिचाच झाला आहे. घर बदललं म्हणून हा आवाज जात नाही. म्हणून तर "आता सुटलीस ना, मग खूश का नाहीस?" हा नातेवाइकांचा प्रश्न इतका क्रूर असतो.

दुसरी गोष्ट

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं नाव या सभागृहात बहुतेकांना माहीत आहे. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन. आधी ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि 1986 मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्या पुस्तकामागची एक हकिकत मात्र कमी लोकांना ठाऊक असते. बेबीताईंनी आपलं लेखन जवळजवळ वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं.

घरापुढे त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की त्या रद्दीतलं वाचायच्या आणि मिळेल त्या कागदावर लिहायच्या. कुणाच्या नजरेला पडणार नाहीत अशा कोपऱ्यात ते कागद सरकवून ठेवायच्या. कारण? नवऱ्याला बायकोचं लिहिणं सहन झालं नसतं. पुढे माया पंडित यांनी त्यांची मुलाखत घेतली, तेव्हा बेबीताई मोकळेपणाने बोलल्या. एकदा दोघं सभेसाठी मुंबईला निघाली होती. गाडीला गर्दी होती. काही तरुण त्यांच्याकडे बघत होते. बघणारे ते, आणि मार बसला बेबीताईंना, नाकातून रक्त येईपर्यंत. 

इथे मी म्हटलं तसं नुसतं नियंत्रण नव्हतं, मारही होता. पण संशयाचं मूळ बघा. दुसऱ्याची नजर आपल्या बायकोवर पडली, हा गुन्हा बायकोच्या रूपाचा! आणि आणखी एक बघा. 'जिणं आमुचं' मध्ये समाजाचं दुःख आहे, बायांचं दुःख आहे, पण स्वतःच्या संसारातलं हे दुःख जवळजवळ नाही. ते त्या फार उशिरा बोलल्या, लेखिका म्हणून उभ्या राहिल्यावर, निंबुऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळा चालवायला लागल्यावर. आपण बाईला म्हणतो, "आधी मन मोकळं कर, मग उभी राहशील." बेबीताईंचा क्रम उलटा होता. आधी त्या उभ्या राहिल्या, मग बोलल्या. प्रत्येकीने याच क्रमाने जावं असं मी म्हणत नाही. पण जिला अजून बोलता येत नाही, तिच्यावर बोलण्याची सक्ती कशाला?

मला त्या कोपऱ्यातल्या कागदांचं महत्त्व वाटतं. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमात राहून त्या बाईने एक जागा अशी ठेवली होती, जिथे काय लिहायचं आणि काय खोडायचं हे फक्त ती ठरवत होती. तिथे तिचा निवाडा जिवंत राहिला.

फलटणच्या शेजारचा तालुका माण. तिथे म्हसवडला 1997 मध्ये चेतना गाला सिन्हा आणि गावच्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. पुढे बँक चालू झाल्यावर याच बायकांनी एक गोष्ट सांगितली. पासबुक घरी नको. का? नवऱ्याच्या हाती लागलं तर बचत कळते, आणि कळली की ती आपली राहत नाही.

फलटणचे कागद आणि म्हसवडचं पासबुक, दोन्ही झाकलेल्या जागा. अजून घरातच असलेल्या, बाहेर पडू न शकणाऱ्या बाईला मी पहिलं हेच सांगते. बाई गं, आधी अशी एक जागा कर. महिन्याला शंभर रुपये असतील, मैत्रिणीकडे ठेवलेली वही असेल, पण ती त्याच्या हाती लागता कामा नये. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, पोरांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्सही तिथेच.

तिसरी गोष्ट

आता मोडलेलं उभं कसं करायचं? आपण सगळे एक चूक करतो. मायेने करतो. ती आली की म्हणतो, "अगं, किती छान दिसतेस! तू खूप हुशार आहेस." ती हसते, आणि घरी जाऊन तिला आणखी वाईट वाटतं. का बरं? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे, अशा अर्थाचं वाक्य लोकांना मनाशी म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं, त्यांना थोडा फायदा झाला. ज्यांना स्वतःबद्दल वाईट वाटत होतं, त्यांना ते वाक्य म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. वाक्य आपण म्हणतो, पण आतून लगेच उत्तर येतं, "खोटं आहे हे."

आणि दुसरंही एक आहे. तू सुंदर आहेस हासुद्धा दुसऱ्याचाच निवाडा. काल नवरा नापास करत होता, आज आपण पास करतोय. खुर्ची बदलली, ती मात्र अजून समोर उभीच आहे. तिने बसायला हवं आहे त्या खुर्चीवर.

म्हणून मी वहीचं काम देते. एक साधी चाळीस पानी वही. प्रत्येक पानावर चार ओळी. मी काय ठरवलं? काय होईल अशी भीती वाटते? प्रत्यक्षात काय झालं? आता मला काय वाटतं? पहिल्या दोन ओळी निर्णयाआधी लिहायच्या, हे महत्त्वाचं. नंतर लिहिल्या तर मन लबाडी करतं, "मला माहीतच होतं" म्हणतं. आणि आठवड्याला दोन-तीन निर्णय पुरेत, तेही छोटे.

एक गोष्ट सांगते. ही एकच बाई नव्हे. अनेकींच्या हकिकती एकत्र करून मी ती रचली आहे, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडायला नको.

सासर तासगावकडे, द्राक्षबागेचं घर. माहेर कोरेगावकडे. लग्नाला चौदा वर्षं. रंगावरून बोलणं, "तुला काय कळतंय" हे दिवसातून चार वेळा. शेवटी ती मुलीला घेऊन माहेरी आली. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा मी काय करू?" हा प्रश्न ऐकला की समुपदेशकाने जीभ आवरायची असते. उत्तर आपल्याला येत असतं, पण ते दिलं की आपण नव्या नवऱ्याचं काम करतो. मी म्हटलं, "तुमचा काय विचार आहे?" ती चिडली. "तोच नाही ना मला," म्हणाली.

वहीतला पहिला निर्णय: ब्लाउजपीस कुणालाही न विचारता घ्यायचं. आईला नाही, मुलीला नाही, दुकानदारालासुद्धा "कसं दिसेल?" विचारायचं नाही. भीतीच्या ओळीत तिने लिहिलं, "सगळे हसतील." तिने गडद जांभळं घेतलं. कुणी हसलं नाही. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही! चौथ्या ओळीत तिने लिहिलं, "नशीब." मला हे अपेक्षितच होतं. चांगलं झालं की नशीब आणि बिघडलं की मी मूर्ख, हा तिचा जुना हिशेब होता. अशी पाच-सहा पानं भरली. सगळीकडे नशीबच.

मग तिने पिको-फॉलचं काम धरायचं ठरवलं आणि साडेतीन हजारांना जुनं शिलाई मशीन घेतलं. भाऊ म्हणत होता, थांब, मी बघून देतो. ती थांबली नाही. मशीन घरी आलं, आणि दर हातभर शिवणीला धागा तुटायला लागला. ती रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी वही टेबलावर आपटून म्हणाली, "ते बरोबरच बोलत होते. मला काहीच कळत नाही."

मंडळी, सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. मी म्हटलं, तिसरी ओळ लिहा. काय झालं तेवढंच. तिने लिहिलं: धागा तुटतो. मग? दुकानदाराकडे नेलं, बॉबिनची केस झिजली होती, बदलून दिली, तीनशे रुपये. मग? मशीन चालतं. मग? कुणी ओरडलं? नाही. अबोला? नाही. दहा वर्षांनी पाहुण्यांसमोर कुणी हे काढणार आहे? ती बराच वेळ गप्प बसली आणि चौथ्या ओळीत लिहिलं, "तीनशे रुपयांची चूक. पुढच्या वेळी आधी शिवून बघायचं."

त्या दिवशी "नशीब" हा शब्द वहीतून गेला. यशाने जे झालं नाही, ते चुकीने झालं. कारण ती चुकण्याला भीत नव्हती, चुकल्यानंतरच्या शिक्षेला भीत होती. चूक झाली, शिक्षा आली नाही, आणि चुकीची किंमत तिने स्वतः मोजली. चौदा वर्षांत प्रत्येक चुकीची किंमत दुसऱ्याने ठरवली होती आणि ती नेहमी एकच होती: तू नालायक आहेस. आता ती तीनशे रुपये झाली. ज्याला आपण आत्मसन्मान म्हणतो, तो मला या हिशेबात दिसतो.

हे काम बिघडतं कुठे? दोन जागा सांगते. एक, घरात नवा मालक तयार होतो. भाऊ, वडील, एखादे महाराज, कधी समुपदेशकही. भाऊ प्रेमाने म्हणतो, "ताई, तू फक्त आराम कर, सगळं मी बघतो." ती बघूही देते. सहा महिन्यांनी तिला बँकेत जायचीसुद्धा भीती वाटते. ओळखायचं कसं? महिन्याभरात तिच्या तोंडी "मी ठरवलं" हे शब्द आले का, एवढं बघा. दोन, सुरुवातीचे महिने बरे जाण्याऐवजी वाईट जातात. त्याची आठवण येते, रडू येतं, मग प्रचंड राग येतो. याला माघार समजू नका. पण झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, जगणं नको असं बोलणं येत असेल, तर तिथे वही पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ लागतो. टेलिमानस हा सरकारी फोन 14416 वर रात्रंदिवस चालू असतो.

आणि एक इशारा. ती अजून त्याच घरात, त्याच्याच धाकात असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून समेट करू नका. तिथे ती खरं बोलेल, आणि त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. शिवाय बाई सोडून जातेय हे कळतं तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो, आजवर हात न उगारलेल्या माणसाकडूनही. म्हणून जायचं ठरलं तर गाजावाजा नको, तयारी हवी.

पायाखालची जमीन

तीन गोष्टी म्हटलं होतं, पण ही त्यांच्याखालची आहे. डोक्यावर छप्पर नसेल तर वहीत काय लिहायचं?

हे सांगली जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर, प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. त्यांच्या पुढाकाराने स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्ता बायकांचा प्रश्न गावोगाव मांडला. त्या बायकांनी सहानुभूती मागितली नाही. त्यांनी आपल्या नावावर रेशनकार्ड मागितलं, घरासाठी जागा मागितली. बहे गावचा लढा त्याच जागेसाठी. टाकलेली बाई म्हणून जिला भावाच्या ओसरीवर दिवस काढायचे होते, ती कुटुंबप्रमुख म्हणून कागदावर आली. रेशनकार्डाने आत्मसन्मान येतो का? रोज सकाळी उठून आपण कुणाच्या दारात आहोत, याने निश्चित फरक पडतो.

कायदाही आज तेच म्हणतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात अपमान, हिणवणं, नावं ठेवणं ही शाब्दिक आणि भावनिक हिंसा म्हणून स्पष्ट लिहिली आहे. पैसे अडवणं ही आर्थिक हिंसा. वळ दाखवायची अट नाही. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यात घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, मानसिक त्रासाची भरपाई मागता येते. बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सातारलाही आहे, सांगलीलाही. अडीअडचणीला 181 हा फोन आहे. आणि तारीख-वार घालून "त्या दिवशी काय बोलला, कुणासमोर बोलला" असं लिहिलेलं असेल तर अर्जाला बळ येतं.

मर्यादाही सांगते. साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. आणि निकाल लागला तरी न्यायाधीश आदेश देतात, स्वतःवरचा विश्वास देत नाहीत. कायद्याने जागा मिळते. त्या जागेत निर्णय घ्यायचे तिने.

थोडक्यात

टीकेने रूप बिघडत नाही, निवाडा मोडतो. बाहेर पडता येत नसेल तर एक झाकलेली जागा राखायची, फलटणला राखली तशी, म्हसवडला राखली तशी. बाहेर पडल्यावर स्तुतीने भरून येत नाही. छोटे निर्णय, लिहिलेली भीती, प्रत्यक्ष परिणाम आणि आपणच मोजलेली चुकीची किंमत, याने भरून येतं. आणि या सगळ्याला पायाखाली जागा, हातात पैसा आणि पाठीशी कायदा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय करायचं? तुमच्या घरी अशी बहीण किंवा लेक परत आलेली असेल. तिला सल्ला देऊ नका. "तुझा काय विचार आहे?" विचारा, आणि विचारून गप्प बसा. ती लवकर उत्तर देणार नाही. तुम्हाला घाई होईल, तिचं उत्तर तोंडावर येईल, ते गिळा. तिने जे ठरवलं ते तुम्हाला पटलं नाही, तरी जिवाचा धोका नसेल तर ते होऊ द्या. आणि ती चुकली, तर "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य तुमच्या घरातून कायमचं काढून टाका. तिने वर्षानुवर्षं तेच ऐकलं आहे.